सहा वर्षांच्या तक्त्यातून सरासरी वार्षिक वाढ काढताना

प्रश्न: आमच्या महिला बचत गटाच्या सहा वर्षांच्या विक्रीचा तक्ता देत आहे. प्रत्येक वर्षाची टक्केवारी काढून तिची सरासरी घेतली, तर फणसपोळी ९४.४, आंबापोळी २२.६, काजूगर ८.९ आणि कोकम आगळ ८.१ टक्के येते. वार्षिक सभेच्या अहवालात "आंबापोळीची वाढ आगळाच्या जवळजवळ तिप्पट" असे लिहून आंबापोळीसाठी ड्रायर घेण्याचा प्रस्ताव मांडायचा आहे. पण काही सभासद म्हणतात की खरे तर आगळच वाढले आहे. आमचा हिशोब चुकला आहे का?

| | २०१८-१९ | २०१९-२० | २०२०-२१ | २०२१-२२ | २०२२-२३ | २०२३-२४ |
|---|---|---|---|---|---|---|
| कोकम आगळ (लिटर) | २,००० | २,२०० | २,३०० | २,५०० | २,७५० | २,९५० |
| काजूगर (किलो) | १,५०० | १,६५० | १,२०० | १,५०० | १,८०० | २,१०० |
| आंबापोळी (किलो) | ६०० | ९०० | ४५० | ९०० | ६३० | ९०० |
| फणसपोळी (किलो) | – | – | २० | ६० | ९० | १२० |

उत्तर: आपले भागाकार मी पुन्हा करून पाहिले आणि ते बरोबर आहेत. पण आपल्या तक्त्यात तीन वेगळ्या स्वभावाचे माल एकत्र बसले आहेत: आगळ संथपणे वाढणारे, आंबापोळी वर्षाआड हेलकावे खाणारी आणि फणसपोळी नुकतीच सुरू झालेली. या तिघांना एकच माप लावले की ते माप ज्याच्याकडे झुकते त्याची वाढ मोठी दिसते. आपण वापरलेली सरासरी हेलकाव्यांकडे झुकणारी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील लहान संस्थांचे अहवाल तपासताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आढळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंबापोळीच्या ओळीतील मधली तीनच वर्षे पाहावीत. २०१९-२० मध्ये ९०० किलो, पुढच्या वर्षी ४५० आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा ९०० किलो. दोन वर्षांनी आपण जिथे होतो तिथेच आलो, म्हणजे वाढ शून्य. टक्केवारी मात्र आधी ५० टक्के घट आणि मग १०० टक्के वाढ अशी येते, आणि त्यांची सरासरी २५ टक्के वाढ दाखवते. कारण साधे आहे: घट मोजताना पाया ९०० चा होता आणि वाढ मोजताना तो ४५० चा झाला, त्यामुळे तेच ४५० किलो जाताना निम्मे आणि येताना दुप्पट ठरले. माल जितका जास्त खाली-वर होतो तितकी ही फसवी भर मोठी होते. आगळ कधीच घटले नाही, म्हणून त्याच्या सरासरीत ती जवळजवळ नाही. आंबापोळीच्या २२.६ टक्क्यांतला मोठा भाग मात्र तीच आहे.

हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. जो दर काढला तो पहिल्या वर्षाच्या आकड्याला पाच वेळा लावून पाहावा, शेवटच्या वर्षाचा आकडा आला पाहिजे. आगळाचे २,००० लिटर ८.१ टक्क्यांनी पाच वेळा वाढवले की सुमारे २,९५२ लिटर होतात आणि तक्त्यात २,९५० आहेत, म्हणजे मेळ बसतो. काजूगराचे १,५०० किलो ८.९ टक्क्यांनी वाढवले तर सुमारे २,३०० येतात, प्रत्यक्षात २,१०० आहेत. आंबापोळीचे ६०० किलो २२.६ टक्क्यांनी वाढवत नेले तर १,६५० च्या पुढे जातात आणि आपण विकली ९०० किलो. ज्या दराने आपल्याच तक्त्यातला शेवटचा आकडा येत नाही, त्याला वाढीचा वेग म्हणता येणार नाही.

हा पडताळा ज्या दराने आपोआप जुळतो तो चक्रवाढ वार्षिक दर. शेवटचा आकडा भागिले पहिला आकडा, त्याचे पाचवे मूळ, वजा एक. एक्सेलमध्ये मालाची नावे A स्तंभात आणि सहा वर्षे B पासून G पर्यंत असतील, तर दुसऱ्या ओळीसाठी सूत्र असे:

```
=(G2/B2)^(1/5)-1
```

इथे बऱ्याच जणांचा पाय घसरतो तो ५ या आकड्यावर. वर्षे सहा असली तरी त्यांच्यामधली अंतरे पाचच आहेत, आणि वाढ अंतरात होते. दुसरी एक पद्धत अहवालांत सर्रास दिसते: एकूण वाढीला वर्षांनी भागणे. आगळ पाच वर्षांत ४७.५ टक्के वाढले, म्हणून दरवर्षी ९.५ टक्के, असे लिहिले जाते. त्यालाही वरचाच पडताळा लावावा. २,००० लिटर ९.५ टक्क्यांनी पाच वेळा वाढवले की सुमारे ३,१४८ होतात, कारण दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीच्या वाढीवरही चढते हे या भागाकारात धरलेले नसते. प्रत्येक वर्षी सरासरी १९० लिटरची भर पडली, असे लिटरमध्ये सांगायचे असेल तर तो भागाकार योग्यच आहे. त्याला फक्त टक्क्यांचे रूप देऊ नये.

चक्रवाढ दराने पाहिले तर आगळ ८.१, काजूगर ७.० आणि आंबापोळी ८.४ टक्के येते. काजूगर आपल्या हिशोबात आगळाच्या पुढे होते ते आता मागे गेले, आणि आंबापोळीची तिप्पट वाढ जवळजवळ बरोबरीवर आली. बहुतेक लोक इथे थांबतात. आपल्या तक्त्यात मात्र इथे थांबणे धोक्याचे आहे.

चक्रवाढ दर फक्त दोन टोकांकडे पाहतो. मधल्या चार वर्षांत काय झाले याची तो दखलच घेत नाही. आगळासारख्या सरळ चालीच्या मालाला त्याने फरक पडत नाही. पण हापूसला एक वर्ष भरघोस आणि पुढचे वर्ष कमी फळ धरण्याची सवय असते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कल्टार दिलेल्या बागांत हा चढउतार कमी होतो, तरी पुरता जात नाही. आपल्या तक्त्याचे पहिले वर्ष आंबापोळीसाठी उतरते आहे आणि शेवटचे चढते. पायरीच्या तळाशी सुरुवात करून माथ्याशी मोजणी थांबवली, की मधली चाल कशीही असो, वाढ दिसणारच.

म्हणून मी नेहमी एकेक टोक सोडून तोच दर पुन्हा काढून पाहतो. आधी पहिले वर्ष गाळायचे, मग ते परत घेऊन शेवटचे गाळायचे. दोन्ही वेळा अंतरे चारच उरतात, म्हणून मूळ चौथे काढायचे. आपल्या तीन मालांचे असे होते:

| | टक्केवारीची सरासरी | चक्रवाढ, सहाही वर्षे | पहिले वर्ष गाळून | शेवटचे वर्ष गाळून |
|---|---|---|---|---|
| कोकम आगळ | ८.१ | ८.१ | ७.६ | ८.३ |
| काजूगर | ८.९ | ७.० | ६.२ | ४.७ |
| आंबापोळी | २२.६ | ८.४ | ० | १.२ |

आगळाची ओळ पाहावी. कुठूनही मोजले तरी ते आठ टक्क्यांच्या आसपासच राहते. काजूगर थोडे हलते, पण आगळाच्या खालीच. आंबापोळी मात्र ८.४ वरून एकदम शून्यावर येते. एक वर्ष गाळल्यावर जो दर टिकत नाही त्यावरून क्रम लावू नये, असा माझा नियम आहे, आणि त्या नियमाने आपल्या सभासदांचे म्हणणे खरे ठरते.

अहवालात एकच आकडा द्यायचा असेल, तर आंबापोळीसारख्या मालासाठी पहिल्या दोन वर्षांची सरासरी आणि शेवटच्या दोन वर्षांची सरासरी घेऊन त्यांच्यामधला दर काढावा, म्हणजे दोन्ही टोकांना एक चढते आणि एक उतरते वर्ष येते. ६०० आणि ९०० यांची सरासरी ७५०, ६३० आणि ९०० यांची ७६५. या दोन सरासऱ्यांमधले अंतर पाच नाही, चार वर्षांचे आहे, कारण पहिली जोडी अर्धे वर्ष पुढे सरकते आणि शेवटची अर्धे वर्ष मागे. दर येतो ०.५ टक्के. मात्र सगळ्या मालांना हीच पद्धत लावली पाहिजे. एकाला टोकांनी आणि दुसऱ्याला जोड्यांनी मोजले तर तुलना उरत नाही. जोड्यांनी आगळ ७.९ आणि काजूगर ५.५ टक्के येते.

सहाही वर्षांना दर मोजताना वाटा द्यायचा असेल तर एक्सेलमध्ये त्यासाठी सूत्र आहे:

```
=INDEX(LOGEST(B2:G2),1)-1
```

हे सूत्र सगळ्या बिंदूंमधून सर्वांत जवळून जाणारी चक्रवाढीची रेषा काढते. त्याने आगळ ८.०, काजूगर ६.४ आणि आंबापोळी ४.८ टक्के येते. आंबापोळीचा आकडा जोड्यांच्या पद्धतीपेक्षा बराच वेगळा आहे, आणि सहाच बिंदू व इतका चढउतार असेल तर ते स्वाभाविक आहे. क्रम मात्र तोच राहतो. एखादे वर्ष शून्य असेल तर हे सूत्र चालत नाही.

यावरून "तिप्पट" या शब्दाकडे येतो. दोन वाढदरांचा भागाकार करून पटीत सांगणे मी टाळायलाच सांगेन. आपल्या पद्धतीने आंबापोळी आगळाच्या २.८ पट वेगाने वाढते, टोकांच्या चक्रवाढीने जवळजवळ तितक्याच वेगाने, आणि जोड्यांच्या पद्धतीने आगळाच्या सोळाव्या हिश्श्याने. तक्ता तोच आहे. दर लहान असतात, त्यामुळे छेदात किंवा अंशात एखाद्या टक्क्याचा फरक पडला तरी पट कुठल्या कुठे जाते. एखाद्या मालाचा दर शून्याजवळ किंवा उणे आला तर पटीला अर्थच राहत नाही. दर शेजारी शेजारी मांडावेत आणि अगदी गरज असेल तर त्यांतला फरक सांगावा.

फणसपोळीचा ९४.४ टक्के हा आकडा क्रमातून पूर्णपणे बाहेर काढावा. २० किलोवरून ६० किलो होणे म्हणजे २०० टक्के वाढ, पण ती भर आहे ४० किलोची. त्याच वर्षी आगळात २०० लिटरची भर पडली आणि टक्के दिसले ८.७. शिवाय फणसपोळीला तीनच अंतरे आहेत. चक्रवाढीचे सूत्र खाली ओढत नेताना त्यात B5 ऐवजी D5 घातले पण पाचवे मूळ तसेच राहिले, तर ४३.१ टक्के येतील. तिसरे मूळ काढले तर ८१.७. हे दुसरे गणित बरोबर असले तरी बाकीच्यांच्या पाच वर्षांच्या दराशेजारी ते ठेवता येत नाही.

मग सगळ्यांना समान म्हणून २०२०-२१ पासूनच मोजावे, असे कोणी सुचवेल. कागदावर ते न्याय्य वाटते, पण करून पाहिले तर आंबापोळी २६, काजूगर २०.५ आणि आगळ ८.७ टक्के येते. आगळ शेवटी जाते, कारण ज्या वर्षी बाकीचे दोन माल कोसळले तेच वर्ष आपण पाया म्हणून निवडले. २०२० चा एप्रिल-मे टाळेबंदीत गेला आणि ३ जूनला निसर्ग वादळ आले. आपल्या गटाला त्यातले नेमके कशाने गाठले ते आपणच सांगू शकाल, पण ते वर्ष पाया धरून काढलेला दर वाढीपेक्षा सावरण्याचा वेग जास्त दाखवतो. कालावधी समान असणे पुरेसे नाही, पायाचे वर्षही सर्वांसाठी साधारण असावे लागते. फणसपोळीसाठी एकच वाक्य लिहावे: २०२०-२१ मध्ये सुरू झाली, २० किलोवरून तीन वर्षांत १२० किलोवर गेली. टक्के देऊ नयेत.

एक गोष्ट आपल्या वहीवर अवलंबून आहे. तक्ता आर्थिक वर्षाचा आहे आणि काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतो, म्हणजे ३१ मार्चची रेघ हंगामाच्या मधूनच जाते. बी खरेदी करून वर्षभर फोडत आणि गर विकत असाल तर फारसा फरक पडणार नाही. हंगामातच फोडून लगेच विकत असाल तर एकाच पिकाची विक्री दोन वर्षांत विभागली जाते, आणि पावती पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी एका वर्षाची घट व दुसऱ्याची वाढ दिसते. तसे असेल तर काजूगराची ओळ हंगामाप्रमाणे पुन्हा मांडून मगच दर काढावा. काजूगराच्या २०२०-२१ मधील १,२०० किलोंचा काही भाग यातूनही आलेला असू शकतो. आगळ मिठात टिकते आणि वर्षभर विकले जाते, त्यामुळे त्या ओळीला ही अडचण कमी.

परिमाणांविषयी थोडेसे: लिटर आणि किलो यांच्या वाढीच्या टक्क्यांची तुलना चालते, पण त्यांची बेरीज करून गटाची एकूण वाढ काढता येत नाही. ती रुपयांत काढावी लागेल, आणि मग भाववाढही वाढ म्हणून मोजली जाईल. लिटर-किलो आणि रुपये असे दोन्ही तक्ते सभेपुढे ठेवता आले तर उत्तम.

अहवालासाठी मी असे लिहीन: "२०१८-१९ ते २०२३-२४ या काळात कोकम आगळाची विक्री दरवर्षी सुमारे ८ टक्क्यांनी आणि सातत्याने वाढली. काजूगराची वाढ मोजणीनुसार ५ ते ७ टक्के येते. २०२०-२१ मध्ये विक्री घटली होती, ती २०२२-२३ मध्ये पूर्वीच्या पातळीच्या पुढे गेली. आंबापोळीची विक्री आंब्याच्या हंगामाप्रमाणे ४५० ते ९०० किलोंच्या दरम्यान राहिली आणि तिच्यात स्पष्ट वाढ दिसत नाही." याखाली मूळ तक्ता पूर्ण छापावा, म्हणजे कोणाला शंका आली तर ती तिथेच तपासता येईल.

आता ड्रायर. आंबापोळी वाढत नाही म्हणून ड्रायर नको, असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. आपल्या ओळीत ९०० हा आकडा तीनदा आला आहे, २०१९-२०, २०२१-२२ आणि २०२३-२४ मध्ये. आंब्याची तीन चांगली वर्षे नेमकी एकाच आकड्यावर थांबतात तेव्हा मला मर्यादा आंब्याची किंवा गिऱ्हाइकाची वाटत नाही, वाळवण्याची वाटते: ताटे तेवढीच, अंगण तेवढेच, उन्हाचे दिवसही तेवढेच, आणि मेच्या अखेरीस वळवाने घातलेला घोळ वेगळा. तक्ता विकलेला माल सांगतो, मागणी किती होती ते सांगत नाही. त्या तीन वर्षांत परत पाठवलेल्या मागण्या आणि रस काढून पोळी न घालता आल्यामुळे दुसऱ्याला विकलेला आंबा यांची नोंद वहीत सापडते का ते पाहावे. ती सापडली तर ड्रायरचा प्रस्ताव तिच्यावर उभा करावा आणि क्षमता ठरवताना वार्षिक किलोंऐवजी भर हंगामातल्या एका दिवसाचा रस धरावा. नोंद सापडली नाही आणि चांगल्या वर्षीही ताटे रिकामी राहत होती असे निघाले, तर तेच पैसे आगळाच्या बरण्यांसाठी आणि साठवणीच्या जागेसाठी मागणे मला जास्त पटेल.